सिलिकॉनच्या किती ट्यूब लागतील? मानेवाड्यातल्या तीन खिडक्यांचा हिशोब

नागपूरच्या मानेवाड्यातल्या माझ्या बहिणीच्या फ्लॅटला तीन ॲल्युमिनियमच्या खिडक्या आहेत. भर मे महिन्यात एका कारागिराने त्यांच्या भोवतीच्या फटी सिलिकॉनने भरल्या. चौदा ट्यूब संपल्या. जुलैच्या पहिल्या झडीत खिडकीखालची भिंत ओली झाली आणि तिचा फोन आला, "अरे, चौदा ट्यूबा घातल्या ना, तरी पाणी येऊनच राहिलं." ऑक्टोबरात तेच काम आम्ही पुन्हा केलं, तेव्हा चार ट्यूब लागल्या. फट तीच होती, लांबीही तीच. मग दहा ट्यूबचा फरक कुठून आला, तेच इथे नीट सांगतो.

आधी मूळ हिशोब. तो फार सोपा आहे. फटीची रुंदी मिलिमीटरमध्ये घ्या, खोली मिलिमीटरमध्ये घ्या, लांबी मीटरमध्ये घ्या आणि तिघांचा गुणाकार करा. येणारा आकडा थेट मिलिलिटर असतो, मध्ये कुठेही शून्यं वाढवायची किंवा कमी करायची नाहीत. एक मिलिमीटर रुंद, एक मिलिमीटर खोल आणि एक मीटर लांब अशी पट्टी कल्पनेत धरा. एका मीटरचे हजार मिलिमीटर, म्हणजे तिच्यात हजार घन मिलिमीटर माल बसला. हजार घन मिलिमीटर म्हणजेच एक मिलिलिटर.

```
रुंदी (मिमी) × खोली (मिमी) × लांबी (मी) = मिलिलिटर
```

फट ६ मिलिमीटर रुंद आणि ६ मिलिमीटर खोल असेल, तर दर मीटरला ३६ मिलिलिटर माल लागतो. २८० मिलिलिटरच्या ट्यूबमध्ये त्यातली पावणेआठ मीटर फट भरते. वाया जाणारा माल यात अजून धरलेला नाही.

ट्यूब हातात घेतली की आधी तिच्यावरचा आकडा वाचा. बाजारात २६०, २८०, ३०० मिलिलिटरच्या ट्यूब मिळतात आणि दुरून सगळ्या सारख्याच दिसतात. काहींवर मिलिलिटरऐवजी ग्रॅम छापलेले असतात, तिथे जपून. काही सिलिकॉन पाण्यापेक्षा बरंच जड असतं, त्यामुळे ३०० ग्रॅम म्हणजे ३०० मिलिलिटर नव्हे, त्याहून कमी. फट वजनाने भरत नाही, आकारमानाने भरते.

आता या तीन आकड्यांपैकी लांबी टेपने मोजता येते, त्यात वाद नाही. दीड मीटर रुंद आणि १.२ मीटर उंच खिडकीचा घेर ५.४ मीटर. ताईकडे अशा दोन खिडक्या आहेत आणि तिसरी १.२ बाय १.२, तिचा घेर ४.८ मीटर. सगळे मिळून १५.६ मीटर.

रुंदी मोजायला मी ड्रिलचे बिट वापरतो. ६ नंबरचा बिट फटीत जातो का, ८ चा जातो का, १० चा अडकतो का, असं करत गेलं की रुंदी कळते, आणि टेपने चुकतं तसं इथे चुकत नाही. प्लास्टर हाताने केलेलं असतं, त्यामुळे एकाच खिडकीला वर ८ तर खाली १२ मिलिमीटर फट सापडते. प्रत्येक बाजूला तीन ठिकाणी मोजा. ट्यूब किती आणायच्या यासाठी सरासरी घ्या, आणि सांधा टिकेल का हे पाहायला सगळ्यात अरुंद जागा घ्या. ताईकडे सरासरी १० आली, अरुंदात अरुंद जागा ८ ची.

राहिली खोली, आणि सगळी गडबड तिथेच होते. जुनं सिलिकॉन खरवडून काढल्यावर काडी आत घातली, तर ती २५ मिलिमीटर आत गेली. पहिल्या कारागिराने ही २५ मिलिमीटरची पोकळी तळापासून भरत आणली होती. त्याचा हिशोब असा: १० गुणिले २५ गुणिले १५.६, म्हणजे ३९०० मिलिलिटर. २८० ने भागलं की १३.९. चौदा ट्यूब! त्याने लबाडी केली नव्हती. पोकळी दिसली तेवढी त्याने भरली.

पण पोकळीची खोली आणि सिलिकॉनची खोली या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पोकळी जशी मिळते तशी मिळते. सिलिकॉनची खोली मात्र आपण ठरवायची असते. १० मिलिमीटर रुंद फटीला ६ मिलिमीटर खोली पुरते. ढोबळ नियम असा, की खोली ६ च्या खाली जाऊ द्यायची नाही, कारण मग कडेला चिकटायला जागा उरत नाही. आणि फट १२ मिलिमीटरहून रुंद असली, तर खोली रुंदीच्या निम्मी ठेवायची. २० मिलिमीटरच्या फटीला १०, याहून जास्त नको.

जाड थर जास्त मजबूत, असं मनाला वाटतं, पण सिलिकॉनचं उलट आहे. ते रबरासारखं ताणलं जाऊन काम करतं. हातात एक पातळ रबरबँड आणि एक जाड खोडरबर घ्या आणि दोन्ही सारखेच ताणून पाहा. रबरबँड सहज ताणला जातो. खोडरबर ताणायला जोर लागतो, आणि सांध्यात तो सगळा जोर चिकटलेल्या कडांवर येतो. शेवटी कड सुटते.

आणि ताण पडतोच. नागपुरात उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो. पश्चिमेच्या उन्हात ॲल्युमिनियमची चौकट ६५ अंशांपर्यंत तापते असं धरू, आणि डिसेंबरच्या पहाटे ती १० अंशांवर येते. म्हणजे ५५ अंशांचा फरक. ॲल्युमिनियमचा एक मीटर दर अंशाला ०.०२३ मिलिमीटर वाढतो. दीड मीटरच्या चौकटीला हे सुमारे १.९ मिलिमीटर होतात, आणि दोन बाजूंत वाटले तर प्रत्येक फटीला जवळपास एक मिलिमीटर. बाहेरच्या कामाचं चांगलं सिलिकॉन आपल्या रुंदीच्या २५ टक्के ताणलं किंवा दाबलं जाणं सोसतं, तसं ट्यूबवर किंवा कंपनीच्या माहितीपत्रकावर लिहिलेलं असतं. ८ मिलिमीटरच्या अरुंद जागेत ते २ मिलिमीटर सोसेल, म्हणजे पुरेसं आहे. पण काही घरांत चौकट भिंतीला जवळपास टेकवून बसवतात आणि ३ मिलिमीटरच्या चिरेवर वरून सिलिकॉन ओढतात. तिथे ते जेमतेम पाऊण मिलिमीटर सोसतं, आणि गरज असते एकाची. यूपीव्हीसीची चौकट ॲल्युमिनियमच्या जवळपास तिप्पट वाढते, त्यामुळे तिला फट आणखी रुंद लागते. दीड मीटरला १२ मिलिमीटरपेक्षा कमी फट मी ठेवत नाही.

आता ६ मिलिमीटरवर सिलिकॉन थांबवायचं कसं? त्यासाठी फोमची दोरी मिळते. दुकानात तिला बॅकर रॉड म्हणतात. ती गोल असते आणि फटीपेक्षा पाव भागाने जाड घ्यायची. १० च्या फटीला १२ किंवा १३ मिलिमीटरची, म्हणजे ती दाबून बसते आणि सरकत नाही. बोथट लाकडी पट्टीने सगळीकडे सारखी ६ मिलिमीटर आत ढकलायची. पट्टीवर ६ मिलिमीटरवर पेनाने खूण करून ठेवली की झालं. स्क्रूड्रायव्हरने ढकलू नका. बंद छिद्रांच्या फोमला भोक पडलं की त्यातली हवा उन्हाने फुगते आणि ताज्या सिलिकॉनमध्ये बुडबुडे उठतात.

या दोरीने माल तर वाचतोच, पण त्याहून महत्त्वाचं काम ती दुसरं करते. सिलिकॉन फक्त दोन बाजूंना चिकटावं, एका कडेला चौकट आणि दुसऱ्या कडेला भिंत. मागे सिमेंटलाही ते चिकटलं, तर तिसरी बाजू त्याला धरून ठेवते. मग फट रुंदावली की मधल्या भागाला ताणायला मोकळीक राहत नाही आणि तो मधोमध फाटतो. सिलिकॉन फोमला घट्ट धरत नाही, म्हणून मागची बाजू मोकळी राहते. पोकळीत सिमेंटच्या गोणीचा कागद किंवा थर्माकोलचे तुकडे कोंबलेले मी पाहिले आहेत. कागद ओल धरून ठेवतो आणि थर्माकोलचे तुकडे कधी एका खोलीवर बसत नाहीत.

ताईच्या खिडकीतून काढलेली जुनी पट्टी ब्लेडने कापून पाहिली, तेव्हा हे सगळं तिच्यात दिसलं. मागच्या बाजूला प्लास्टरचा थर चिकटून आला होता, म्हणजे तिसरी बाजू धरलेली. वरून खाली मधोमध चीर. तुमच्याकडेही गळत असेल, तर नवं आणण्याआधी हे नक्की पाहा. पट्टी मधोमध फाटली असेल, तर फट अरुंद आहे किंवा माल तीन बाजूंना चिकटला आहे. पट्टी अखंड आहे पण एका कडेने सोलून निघते, तर त्या कडेला धूळ, ओल, चुना, सुटा रंग किंवा जुन्या सिलिकॉनचा पापुद्रा होता. जुन्या सिलिकॉनवर नवं नीट धरत नाही. त्यावरून नवी रेघ ओढणं म्हणजे पैसे वाया घालवणं.

त्या पट्टीत आणखी एक गोष्ट सापडली. आतला भाग बराच काळ ओलाच राहून त्यात पोकळ्या झाल्या होत्या. सिलिकॉन हवेतल्या बाष्पाने घट्ट होतं, तेही बाहेरून आत. साधारण हवेत पहिल्या दिवसात २ ते ३ मिलिमीटर, आणि पुढे वेग कमी होत जातो, कारण बाष्पाला घट्ट झालेल्या थरातून आत शिरावं लागतं. खोली दुप्पट झाली की वेळ जवळपास चौपट लागतो. ६ मिलिमीटरला साधारण एक आठवडा धरा. २५ मिलिमीटरला मात्र महिने लागतात. त्यात आपल्याकडच्या मे महिन्यातली हवा इतकी कोरडी असते की वेग आणखी मंदावतो. वरून बोट लावलं तर कोरडं लागतं आणि आत लगदा असतो. अशातच चौकट तापते, थंड होते आणि तो लगदा ओढला जातो.

म्हणून आम्ही ऑक्टोबर धरला. पावसाची ओल भिंतीतून गेलेली असते आणि ऊन सौम्य झालेलं असतं. फेब्रुवारीही चांगला. दुसरं कारण असं, की मे महिन्यात चौकट पूर्ण फुगलेली असते आणि फट सर्वांत अरुंद असते. तेव्हा भरलेलं सिलिकॉन पुढे वर्षभर फक्त ताणलंच जातं. मध्यम हवामानात भरलं, तर ते थोडं दाबलं जातं आणि थोडं ताणलं जातं.

आता खरा हिशोब. १० गुणिले ६ गुणिले १५.६, म्हणजे ९३६ मिलिलिटर. यात वाया जाणारं धरायचं. नोझलमध्ये उरतं, ट्यूबच्या तळाशी उरतं, चमच्याने किंवा बोटाने गुळगुळीत करताना निघून जातं. मी १५ टक्के धरतो, आणि हात नवखा असेल तर २० धरा. ९३६ चे १५ टक्क्यांसह १०७६ होतात. २८० ने भागून ३.८४, म्हणजे चार ट्यूब. दोरी १५.६ मीटरला थोडी जास्त, १७ मीटर.

एक शंका बारकाईने पाहणाऱ्याला येईल. दोरी गोल असते, मग तिच्या दोन्ही कडांना सिलिकॉन ६ पेक्षा खोल जाणार नाही का? जातं, आणि त्याने माल थोडा वाढतो. पण वरून चमचा फिरवला की मधला भाग खोलगट होतो आणि तितकाच थोडा माल निघतो. दोन्ही जवळपास फिटतात, म्हणून आयताचा हिशोब चालतो.

बाथरूमच्या कोपऱ्याचा हिशोब वेगळा, कारण तिथे आयत नसतो. भिंत आणि फरशी काटकोनात मिळतात, आणि सिलिकॉन तिथे त्रिकोणी बसतं. त्रिकोण म्हणजे आयताचा निम्मा, म्हणून गुणाकार करून दोनाने भागायचं.

```
बाजू (मिमी) × बाजू (मिमी) ÷ 2 × लांबी (मी) = मिलिलिटर
```

ताईचं बाथरूम २.१ बाय १.५ मीटर. घेर ७.२, त्यातून दाराचे ०.८ वजा केले की ६.४. शॉवरजवळचे दोन उभे कोपरे प्रत्येकी २.१, म्हणजे ४.२. वॉशबेसिन भिंतीला लागतं तिथे ०.६. एकूण ११.२ मीटर. टाइलवर दोन्ही बाजूंना ८ मिलिमीटर चढेल अशी रेघ धरली, तर दर मीटरला ३२ मिलिलिटर. एकूण ३५८, आणि १५ टक्क्यांसह ४१२. भागाकार १.४७, म्हणजे दोन ट्यूब.

इथे अनेकजण चूक करतात. ते ३.८४ आणि १.४७ ची बेरीज करून ५.३१, म्हणजे सहा ट्यूब असा हिशोब लावतात. या वेळी उत्तर योगायोगाने बरोबर येतं. पण माल वेगळा असेल तर बेरीज करायचीच नाही, प्रत्येकाची पुढची पूर्ण संख्या वेगळी धरायची. बाथरूमला बुरशीविरोधी सॅनिटरी सिलिकॉन लागतं. बाहेरच्या खिडकीला ऊनपाऊस सोसणारं न्यूट्रल. रंग वेगळा असला तरी हाच नियम. खिडकीची उरलेली पाव ट्यूब बाथरूमच्या कोपऱ्यात चालणार नाही.

न्यूट्रल हा शब्दही पाहून घ्या. स्वस्त सिलिकॉनला व्हिनेगरसारखा उग्र वास येतो. काचेला ते छान धरतं, पण त्यातलं आम्ल सिमेंट, संगमरवर आणि काही धातूंशी जमत नाही. खिडकीच्या एका कडेला तुमचं प्लास्टर आहे आणि खाली बहुतेक ग्रॅनाइटची किंवा संगमरवराची पट्टी. न्यूट्रलच घ्या, आणि दगडाला लावणार असाल तर ट्यूबवर दगडासाठी चालतं असं लिहिलेलं पाहा, नाहीतर कडेला तेलकट डाग उतरतो आणि तो निघत नाही.

बाथरूमच्या कोपऱ्यात सिलिकॉन लावण्याआधी तिथल्या टाइलच्या सांध्यात भरलेलं जुनं ग्राउट खरवडून काढावं लागतं. भिंत आणि फरशी वेगवेगळ्या हलतात, ग्राउट ताणलं जात नाही, म्हणून कोपऱ्यात ते दरवेळी फुटतं. मात्र खालच्या मजल्याच्या छताला ओल आली असेल, तर या दोन ट्यूबकडून अपेक्षा ठेवू नका. ती ओल बहुतेक वेळा फरशीखालच्या वॉटरप्रूफिंगची किंवा पाइपची असते. सिलिकॉन वरचा सांधा बंद करतं, आत उतरलेलं पाणी थांबवत नाही.

इतवारीत ट्यूब घ्यायला गेलो, तेव्हा दुकानदाराला मी चार न्यूट्रल, दोन सॅनिटरी आणि १७ मीटर १३ ची फोम रॉड असं सांगितलं. तो म्हणाला, "तीन खिडक्या न चारच ट्यूबा? कमी पडतीन भाऊ, दहा तरी न्या." त्याला १० बाय ६ सांगितलं, दोरीचा आकडा दाखवला, तेव्हा तो हसला आणि मागून बारीक अक्षरातली तारीख पाहून ट्यूब दिल्या. ती तारीख तुम्हीही पाहा. पत्र्याच्या गोदामात एक उन्हाळा काढलेली जुनी ट्यूब गनमधून ढेकळासारखी येते, आणि कधीकधी लावल्यावर घट्टच होत नाही.

काम करताना दोन गोष्टी सांभाळल्या. फटीच्या दोन्ही कडांना मास्किंग टेप लावला आणि गन चालवून लगेच, पापुद्रा धरायच्या आत, चमचा फिरवून टेप काढला. पापुद्रा दहा-वीस मिनिटांत धरतो, उन्हात त्याहून लवकर, म्हणून एका वेळी खिडकीची एकच बाजू घेतली. आणि सरकत्या खिडकीच्या खालच्या पट्टीला बाहेरून पाणी निघायची छोटी भोकं असतात, ती मोकळी ठेवली. ती बुजली, तर पाणी पट्टीत साचून आतल्या बाजूनेच घरात उतरतं, आणि आपण फटीला दोष देत बसतो. कूलर बसवलेल्या खिडकीत तर हे हमखास होतं, कारण तिथे उन्हाळाभर पाणी ठिबकतंच.

चौथी ट्यूब संपली तेव्हा तिसऱ्या खिडकीची खालची कड पूर्ण झाली होती. ट्यूबमध्ये बोटभर माल उरला. त्या वर्षीच्या डिसेंबरात फट सगळ्यात रुंद असते म्हणून मी मुद्दाम जाऊन पाहिलं. अंगठ्याने पट्टी दाबली आणि सोडली, ती लगेच परत वर आली, दोन्ही कडा धरून होत्या. जूनच्या मध्याला पाऊस लागल्यावर ताईने खिडकीखालच्या भिंतीला हात लावून पाहिला. भिंत कोरडी होती.